फाटक्या नोटेचा हिशोब : अर्ध्या नोटेपासून ऐंशी चौरस सेंटीमीटरपर्यंत

आजच्या भागात आपण फाटक्या नोटेबद्दल बोलणार आहोत. बाजारात कुणी घेत नाही, एसटीचा कंडक्टर परत करतो, दुकानदार उजेडात धरून बघतो आणि "दुसरी द्या ताई" म्हणतो, ती नोट. सातारा आणि सांगली जिल्ह्यात बचत गटांचं काम करताना आमच्या हातात अशा नोटा दर महिन्याला येतात. गटाच्या डब्यात कुणीतरी ती हळूच सरकवलेली असते, आणि बँकेत भरणा करायला जाणारीच्या माथी ती येते. मग ती जाते आठवडी बाजारात, जिथे फाटक्या नोटा घेणारा माणूस बसलेला असतो. तो नोट घेतो, पण पूर्ण पैसे देत नाही, आपला कट कापून घेतो. बँकेत ज्या कामाला पैसे लागत नाहीत, त्या कामाचे पैसे आपण बाजारात मोजतो. हे असं का झालं आणि नियम नेमका काय आहे, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

आपल्याकडे सरकारी कागदी नोट आली ती 1861 च्या कायद्याने. त्याआधी मुंबई, कलकत्ता, मद्रास इथल्या बँका आपापल्या नोटा काढत असत. 1861 नंतर तो अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. त्या पहिल्या नोटा एकाच बाजूला छापलेल्या असत, मागची बाजू कोरी. आणि ऐकून नवल वाटेल, त्या काळात मोठी माणसं चांगली नोट मुद्दाम कापून दोन तुकडे करत असत. कारण होतं टपाल. मोठ्या रकमेची नोट दुसऱ्या गावी पाठवायची तर वाटेत चोरीची भीती. म्हणून व्यापारी नोट मधोमध कापायचा आणि एक अर्धा तुकडा आधी पाठवायचा. तो पोचल्याचं पत्र आलं की मग दुसरा अर्धा पाठवायचा. पलीकडचा माणूस दोन्ही तुकड्यांवरचे नंबर जुळवून ते चिकटवायचा आणि नोट वटवायचा. चोराच्या हाती एकच तुकडा लागला तर त्याला त्याचा काही उपयोग नाही.

हा अर्ध्या नोटेचा किस्सा लक्षात ठेवा. आजच्या नियमातही तो दडलेला आहे, पुढे येईल.

आपल्या खेड्यांत मात्र तेव्हा नोट फारशी दिसत नव्हती. आपल्या पणजीचा विश्वास चांदीच्या रुपयावर होता. दगडावर वाजवून बघायचा आणि कनवटीला लावायचा. मुंबईच्या गिरण्यांत कामाला गेलेले साताऱ्याकडचे पुरुष घरी पैसे पाठवायचे. 1880 पासून टपाल खात्याची मनीऑर्डर सुरू झाली आणि पोस्टमन दारात पैसे मोजून देऊ लागला. कागदाचा रुपया आला तो पहिल्या महायुद्धात. आपल्या साताऱ्याच्या अपशिंग्यासारख्या गावांतून माणसं त्या लढाईत गेली, आणि त्याच लढाईपायी चांदीची टंचाई झाली. म्हणून सरकारने 30 नोव्हेंबर 1917 ला एक रुपयाची नोट काढली. चांदी पाण्यात पडली, उंदराच्या बिळात गेली, चुलीजवळ ठेवली, तरी तिला काही होत नव्हतं. कागद आला तसा एक नवा प्रश्न आला, की कागद कुजला, फाटला, उंदराने खाल्ला, तर रुपया राहिला की गेला?

याचं उत्तर कायद्यात लिहून ठेवलेलं आहे, आणि ते फारसं गोड नाही. रिझर्व्ह बँकेचा कायदा 1934 चा, आणि बँक सुरू झाली 1 एप्रिल 1935 ला. त्या कायद्याचं कलम 28 असं सांगतं की हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, फाटक्या किंवा खराब झालेल्या नोटेची किंमत कुणालाही हक्क म्हणून सरकारकडे किंवा रिझर्व्ह बँकेकडे मागता येणार नाही. पण त्याच कलमात पुढे एक दार उघडं ठेवलेलं आहे. सरकारच्या मंजुरीने बँक असे नियम करू शकते की कोणत्या परिस्थितीत, कोणत्या अटींवर अशा नोटेची किंमत मेहेरबानी म्हणून परत द्यायची. कायद्यातला शब्दच तसा आहे. म्हणजे मुळात ती मेहेरबानी, पण नियमाने बांधलेली मेहेरबानी. आम्हाला हा फरक महत्त्वाचा वाटतो. खिडकीवरच्या माणसाच्या मनावर ती अवलंबून नाही. रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगून ठेवलंय की फाटक्या-मळक्या नोटा बदलून द्यायच्या, आणि तिथे आपलं खातं नसलं तरी द्यायच्या. त्यामुळे "आमचं खातं नाही इथे" असं म्हणून मागे फिरायचं कारण नाही.

या मेहेरबानीचे नियम काळानुसार बदलत आले. 1975 ला नियम झाले, मग 2009 ला नवे आले. मधे एक सुधारणा अशी झाली की तिच्यामुळे नोटांचं आयुष्य वाढलं. जुन्या बाया सांगतील, पूर्वी बँकेतून नोटांचं बंडल आणलं की त्याला पिना मारलेल्या असत. पिन काढताना नोट फाटायची आणि भोकं पडायची. रिझर्व्ह बँकेने 1999 पासून स्वच्छ नोटांचं धोरण आणलं आणि 2001 मध्ये बँकांना बंडलांना पिना मारायला मनाई केली. तेव्हापासून कागदी पट्टी आली. आमच्या काही गटांत अजूनही वहीला नोटा पिनेने टोचून ठेवतात. ती सवय सोडलेली बरी.

नोटेचा कागद साधा नसतो, कापसापासून बनवलेला असतो. आपल्या नाशिकच्या छापखान्यात 1928 पासून नोटा छापल्या जातात, त्याआधी त्या विलायतेहून छापून यायच्या. कापसाचा कागद असल्यामुळे धुण्यात गेलेली नोट वहीच्या कागदासारखी विरघळत नाही. हे पुढे पुराच्या वेळी फार उपयोगी पडलं.

आता 2016 कडे येऊ. नोव्हेंबर 2016 मध्ये जुन्या पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या आणि नव्या आल्या, त्या आकाराने लहान. नंतर दोनशे, शंभर, पन्नास, वीस, दहा अशा सगळ्या नव्या मालिकेत आल्या. पण फाटक्या नोटेचे नियम होते 2009 चे. त्यात जुन्या नोटांचे आकार धरून कोष्टक केलेलं होतं आणि नव्या नोटांचं मापच नव्हतं. त्यामुळे जवळजवळ दोन वर्षं अशी गेली की दोन हजाराची किंवा दोनशेची नवी नोट तुटली तर बँकेला ती कोणत्या मापाने मोजायची हेच ठरलेलं नव्हतं. सप्टेंबर 2018 मध्ये नियमांत बदल झाला आणि नव्या नोटांची मापं आली. पण त्याच बदलात एक गाठ आवळली गेली. आधी पन्नास आणि त्यावरच्या नोटेचा शंभरातला पासष्ट भागाहून मोठा तुकडा असला की पूर्ण पैसे मिळत होते. आता शंभरातले ऐंशी भागाहून जास्त पाहिजेत. आमच्या मते गरीब बाईच्या डब्याच्या दृष्टीने हा बदल कडकच झाला. कारण उंदीर किंवा ओल नोटेचा पाचवा हिस्सा सहज खाऊन जातात.

नियम शब्दांनी सांगण्यापेक्षा एका गटाच्या पेटीवर समजावून सांगतो.

ऑगस्ट 2019 चा महापूर कृष्णाकाठच्या कुणाला विसरता येणार नाही. सांगलीला आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, आणि पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. पलूस, वाळवा, मिरज या तालुक्यांतली गावंच्या गावं पाण्यात होती. त्यातल्या एका गावच्या गटाची पेटी कोषाध्यक्षाच्या घरी, माळ्यावर ठेवलेली. पाणी माळ्यापर्यंत पोचलं. माणसं आधीच छावणीत गेली होती. पाणी ओसरल्यावर पेटी उघडली तेव्हा आत चिखल, भिजलेली वही आणि नोटा. गटात लगेच कुजबुज सुरू झाली. एक आक्का म्हणाली, "पेटी तिच्याकडं होती, तिनं भरून द्यावं." ती बाई स्वतःचं घर गमावून बसलेली, वर ही भरपाई. आम्ही गेलो तेव्हा आधी एकच सांगितलं, की भांडण नंतर, आधी नोटा मोजू. किती पैसे खरोखर गेलेत हे कळल्याशिवाय कुणी कुणाला काही म्हणायचं नाही.

पहिलं काम होतं नोटा सुकवण्याचं. एका सुनेने इस्त्री काढली होती, ती ठेवायला लावली. चुलीवर, तव्यावर, उन्हात तापलेल्या पत्र्यावर ठेवू नका, असंही सांगितलं. जुन्या सुती कापडावर सावलीत एकेक नोट पसरली. ज्या सहज सुटत नव्हत्या त्या ओढल्या नाहीत, कारण ओल्या नोटा ओढून सोडवताना तुकडे पडतात, आणि तुकड्याचा हिशोब वेगळा असतो. सुकल्यावर तीन ढीग केले.

पहिल्या ढिगात पूर्ण असलेल्या, पण चिखलाने मळलेल्या नोटा होत्या. शंभराच्या 18 आणि वीसच्या 12, म्हणजे 2040 रुपये. अशा नोटेला बँकेच्या भाषेत मळकी नोट म्हणतात. वापरून मळलेली, रंग उडालेली, हळदीने पिवळी झालेली, सगळी यातच. सांगलीच्या हळदीच्या बाजारात काम करणाऱ्या बायांकडे अशा पिवळ्या नोटा ढिगाने असतात. त्या पूर्ण किमतीच्या आहेत. फक्त एक मर्यादा आहे. एका माणसाला एका दिवसात 20 नोटांपर्यंत आणि 5000 रुपयांपर्यंत खिडकीवरच, विनामूल्य बदलून मिळतात. त्यापेक्षा जास्त असतील तर बँक पावती देऊन ठेवून घेऊ शकते, रक्कम मागाहून जमा करते आणि शुल्कही लावू शकते. आमच्याकडे तीस नोटा होत्या. दोन बायांनी पंधरा-पंधरा नेल्या, पावतीची भानगडच आली नाही.

दुसऱ्या ढिगात पाचशेच्या चार नोटा होत्या, पण धड एकही नव्हती. पेटीच्या खालच्या बाजूला कुजल्या होत्या. तुकडा गेलेली किंवा दोनपेक्षा जास्त तुकडे झालेली नोट म्हणजे फाटकी नोट. इथेच मोजमाप लागतं, आणि ते आम्ही शाळेच्या आलेख कागदावर केलं. गटातल्या एकीच्या दहावीतल्या मुलीने आपल्या वहीतला कागद आणून दिला. त्यावर एक सेंटीमीटरचे चौकोन असतात. नोट त्यावर ठेवायची, कडेने पेन्सिल फिरवायची आणि आतले चौकोन मोजायचे. अर्धे-मुर्धे चौकोन एकमेकांना जोडून पूर्ण करायचे.

पाचशेची नवी नोट 15 सेंटीमीटर लांब आणि 6.6 सेंटीमीटर रुंद. गुणाकार केला की 99 चौरस सेंटीमीटर होतात. पूर्ण पैसे मिळायला सगळ्यात मोठा सलग तुकडा निदान 80 चौरस सेंटीमीटर हवा. 40 ते 80 च्या मधला असेल तर निम्मी किंमत, म्हणजे अडीचशे. 40 पेक्षा कमी असेल तर काही नाही. सलग हा शब्द महत्त्वाचा आहे. चार तुकडे असतील तर त्यांची बेरीज करत नाहीत, सगळ्यात मोठा एकच तुकडा मोजतात.

पहिल्या नोटेचा कोपरा कुजला होता, बाकी नव्वदच्या आसपास चौकोन भरले. पूर्ण पाचशे. दुसरीची एक बाजू पट्टीसारखी गेलेली, उरलेली लांबी साडेअकरा सेंटीमीटर. साडेअकराला 6.6 ने गुणलं की सुमारे 76, म्हणजे 80 च्या आत. अडीचशे. हीच नोट 2018 च्या आधीच्या प्रमाणाने मोजली असती तर पूर्ण पाचशे मिळाले असते, कारण तेव्हा याच आकाराला 65 चौरस सेंटीमीटर पुरे झाले असते. एक आठवण ठेवा. पाचशेच्या नोटेची आडवी कड तीन सेंटीमीटर गेली तर उरतात 79.2, म्हणजे एका चौकोनाहून कमी फरकाने तुम्ही पूर्ण किंमत गमावता. म्हणून फाटलेला बारीक तुकडा केरात टाकू नका, तो नोटेबरोबर कागदात गुंडाळून ठेवा.

तिसरी नोट घडीवर फाटून दोन तुकडे झाली होती, एक नऊ सेंटीमीटरचा आणि एक सहाचा. दोन्ही तुकडे होते, काही हरवलं नव्हतं. दोन तुकडे एकाच नोटेचे असतील, जोडल्यावर नोट पूर्ण होत असेल आणि तिच्यावरची मुख्य खूण एकही गेली नसेल, तर ती मळकी नोट धरतात. पूर्ण पाचशे. मुख्य खुणा म्हणजे रिझर्व्ह बँकेचं नाव, हमी आणि वचनाची ओळ, गव्हर्नरची सही, अशोकस्तंभ, गांधीजींचं चित्र आणि जलचिन्ह. आणि समजा दोन तुकड्यांच्या मधली एखादी चिंधी हरवली, तरी प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे 40 चौरस सेंटीमीटर भरत असेल तर दोन्हींची निम्मी-निम्मी किंमत मिळून पूर्ण पैसे मिळतात. आठवला का तो टपालातला अर्धा तुकडा? तोच हिशोब, फक्त मोजपट्टी घेऊन.

चौथ्या नोटेचा साडेपाच सेंटीमीटरचा तुकडाच उरला होता. म्हणजे सुमारे 36 चौरस सेंटीमीटर. काही नाही. ती आम्ही तरी बरोबर नेली, कारण निकाल बँकेने द्यायचा असतो, आपण नाही. निकाल तोच लागला.

म्हणजे चार नोटांचे दोन हजार होते, मिळाले साडेबाराशे. तोटा साडेसातशेचा. गटात ज्या भरपाईवरून तोंडं फिरली होती, ती रक्कम एवढीच निघाली. बैठकीत ठराव झाला की ही तूट दंडाच्या रकमेतून भागवायची, आणि वहीत "महापुरात खराब झालेल्या नोटा" असं कारण लिहायचं. कोषाध्यक्षाच्या नावावर एक रुपया लागला नाही.

या चार नोटा नेताना बँकेतही थोडं बोलावं लागलं. खिडकीवरचे म्हणाले, "या मोठ्या शाखेत घेऊन जा." आम्ही विचारलं, "साहेब, पाच नोटांपर्यंत तर इथंच निकाल देता येतो ना?" नियम असा आहे की एका व्यक्तीच्या पाचपर्यंत फाटक्या नोटा असतील तर लहान शाखेनेही त्याच वेळी तपासून पैसे द्यायचे. त्या शाखेला ठरवता येत नसेल तर पावती द्यायची, नोटा रोख-तिजोरी असलेल्या शाखेकडे पाठवायच्या आणि तीस दिवसांच्या आत पैसे द्यायचे. पाचपेक्षा जास्त असतील तर मात्र त्या तिजोरी असलेल्या शाखेकडे न्याव्या किंवा पाठवाव्या लागतात. आमच्या वेळी व्यवस्थापक मॅडम बाहेर आल्या, पट्टी मागवली, आणि अर्ध्या तासात काम झालं. मोजलेला आलेख कागद पाहून त्या हसल्या, पण त्यांची मोजणी आणि आमची मोजणी जुळली.

तिसरा ढीग सगळ्यात अवघड. प्लास्टिकच्या पिशवीत पन्नासच्या नोटांची घडी होती, ती सुकल्यावर विटेसारखी घट्ट झाली. अशा एकमेकींना चिकटून सुटत नसलेल्या, ठिसूळ झालेल्या किंवा जळलेल्या नोटा बँकेची शाखा घेत नाही. त्या रिझर्व्ह बँकेच्या नोटा देणाऱ्या कार्यालयातच न्याव्या लागतात, तिथे त्यांची वेगळ्या पद्धतीने तपासणी होते. महाराष्ट्रात अशी कार्यालयं मुंबई, बेलापूर आणि नागपूरला आहेत. सांगलीहून बेलापूर म्हणजे येण्याजाण्याचा खर्च आणि मजुरीचा दिवस. थोड्या नोटांसाठी ते परवडत नाही. त्या गटाने पुरात भिजलेल्या आजूबाजूच्या घरांतल्या अशा घड्या एकत्र करून, प्रत्येकीचं नाव पिशवीवर लिहून, एकाच माणसाबरोबर पाठवायचं ठरवलं. आम्हाला हा शहाणपणा आवडला.

आता लहान नोटांचं. एक रुपयापासून वीस रुपयांपर्यंतच्या नोटेला निम्मी किंमत हा प्रकारच नाही. सगळ्यात मोठा सलग तुकडा अर्ध्याहून मोठा असेल तर पूर्ण पैसे, नाहीतर काही नाही. यामागचा हिशोब सोपा आहे. एका नोटेचे दोन तुकडे केले तर अर्ध्याहून मोठा एकच असू शकतो, त्यामुळे एका नोटेचे दोनदा पैसे कुणी घेऊ शकत नाही. दहाची नवी नोट 12.3 सेंटीमीटर लांब असते. घडीवर बरोबर मधोमध फाटली आणि एकच भाग हातात असेल तर ती गेली असं समजा. भाजीवाल्या बायांकडे दहा-वीसच्या नोटा सगळ्यात जास्त फाटतात, आणि बँकेत जाण्याइतक्या त्या मोठ्या वाटत नाहीत. आम्ही सुचवतो की गटाच्या बैठकीत त्या गोळा कराव्यात आणि भरणा करायला जाणारीने विसाच्या आत मळक्या आणि पाचाच्या आत फाटक्या अशा बरोबर न्याव्या.

दोन गोष्टींत बँक पैसे देणार नाही, ती बाजू खरी आहे. नोट मुद्दाम कापलेली, दोन वेगळ्या नोटांचे तुकडे जोडून एक केलेली दिसली तर दावा फेटाळतात, आणि अशा नोटा ढिगाने आणल्या तर पोलिसांपर्यंत प्रकरण जातं. म्हणून चिकटवताना दोन्ही तुकड्यांवरचा नंबर एकच आहे ना ते आधी बघा. चिकटपट्टी लावायचीच तर नंबर आणि जलचिन्ह झाकणार नाही अशी लावा. दुसरं, नोटेवर राजकीय किंवा धार्मिक संदेश देणाऱ्या घोषणा लिहिलेल्या असतील तर तिचे पैसे मिळत नाहीत. पण शाईचा डाग, बेरीज-वजाबाकी, कुणाचं नाव लिहिलेलं, एवढ्याने नोट बाद होत नाही. "लिहिलंय म्हणून चालत नाही" ही बाजारातली समजूत आहे, नियम नाही.

पुरानंतर पेट्या उघडताना आणखी एक प्रकार समोर आला. काही म्हाताऱ्या बायांच्या डब्यांतून 2016 च्या आधीच्या पाचशेच्या नोटा निघाल्या, सुनेपासून लपवून ठेवलेल्या. त्या कितीही कोऱ्या असल्या तरी आता बदलत नाहीत. दोन हजाराची नोट मात्र वेगळी. तिचं चलनातून मागे घेणं 19 मे 2023 ला जाहीर झालं, तरी ती बाद झालेली नाही. ती बँकेच्या शाखेत न घेता रिझर्व्ह बँकेच्या वर सांगितलेल्या कार्यालयांत घेतात आणि पोस्टानेही पाठवता येते, रक्कम आपल्या खात्यात येते. अशी नोट डब्यात असेल तर तिला उंदीर लागायच्या आत बाहेर काढा.

शाखेने नोटा बघायलाच नकार दिला तर काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक गटात येतो. भांडण करू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, त्यात तारीख, नोटांची किंमत, प्रत्येकीचा नंबर आणि "बदलून देण्यास नकार दिला" असं लिहा. दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि पोच घ्या. पोच मागितली की बऱ्याचदा नोटही बदलून मिळते, हा आमचा अनुभव. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत. मोबाईलवर cms.rbi.org.in या ठिकाणी ती भरता येते, आणि माहितीसाठी 14448 हा नंबर आहे. तक्रारीला अर्जाची पोच जोडावी लागते, म्हणून तो कागद गटाच्या वहीत, पिन न टोचता, ठेवा.